तिसरं टूल हरलं कसं? थोड्या मराठी रेकॉर्डिंगवर डब्ल्यूईआर मोजताना

प्रश्न: «माझ्याकडे मराठी मुलाखतींची २४ रेकॉर्डिंग आहेत, सगळी मिळून साधारण ४,२०० शब्द. मजकूर हाताने टाइप केलेला आहे. तीन ट्रान्सक्रिप्शन टूल्स चालवून पायथनमध्ये डब्ल्यूईआर काढला: ३१, ३४ आणि ५२ टक्के. पण वाचायला मला तिसऱ्याचाच मजकूर सगळ्यात बरा वाटतो. माझं चुकतंय कुठे? आणि इतक्या कमी रेकॉर्डिंगवर काही ठरवता येतं का?»

डोळा एक सांगतोय आणि आकडा दुसरंच, असं मराठीत झालं की मी आधी आकड्यावर संशय घेतो. बोलीचा मजकूर टाइप करून घेणं, तपासणं आणि टूल्सशी ताडून बघणं हे काम मी बरीच वर्षं करतोय. दर वेळी पहिल्या फेरीतला आकडा टूलने काय ऐकलं यापेक्षा त्याने लिहिलं कसं यावरच जास्त बोलत असतो. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. ५२ हा आकडा कशाचा आहे, हा पहिला. ३१ आणि ३४ मधल्या तीन टक्क्यांना काही अर्थ आहे का, हा दुसरा. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

डब्ल्यूईआरचं, म्हणजे शब्दांवरच्या चूक दराचं, सूत्र तुम्हाला माहीत आहेच, पण पुढचा सगळा हिशोब त्यावरच चालतो म्हणून एकदा समोर ठेवतो.

```
WER = (S + D + I) / N
```

S म्हणजे बदललेले शब्द, D म्हणजे गाळलेले, I म्हणजे जादा घुसलेले, आणि N म्हणजे तुमच्या हाताने टाइप केलेल्या मजकुरातले शब्द. शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल ते. मोजणारा प्रोग्रॅम अक्षरं बघत नाही, त्यांचे कोड बघतो. एक कोड इकडचा तिकडे झाला की अख्खा शब्द चूक.

आता एक वाक्य घेऊ. समजा मुलाखतीतला माणूस हे म्हणाला आणि तुम्ही ते जसंच्या तसं टाइप केलं:

दुसऱ्या दिवशी आम्ही पंचवीस शेतकऱ्यांसाठी ॲप सुरू केलं नि ते चांगलं चाललंय

शब्द बारा. एका टूलने त्याचं असं केलं:

दुसऱ्या दिवशी आम्ही पंचवीस शेतकऱ्यांसाठी ॲप सुरू केलं नाही ते चांगलं चाललंय

आणि दुसऱ्या एका टूलने असं:

दुसर्‍या दिवशी आम्ही २५ शेतकर्‍यांसाठी अॅप सुरू केले नि ते चांगले चालले आहे

पहिल्याने «नि»चं «नाही» करून वाक्याचा अर्थच उलटा केला. त्याची चूक एक, म्हणजे १/१२, साधारण ८ टक्के. दुसऱ्याने अर्थाला कुठेही धक्का लावलेला नाही, तरी त्याच्या चुका भरतात आठ: «दुसर्‍या», «२५», «शेतकर्‍यांसाठी», «अॅप», «केले», «चांगले» आणि «चालले» हे सात बदललेले शब्द, शिवाय «आहे» हा एक जादा. ८/१२ म्हणजे जवळजवळ ६७ टक्के. तुमच्या तिसऱ्या टूलचं बहुधा हेच झालंय. त्याचा आकडा किती खाली येईल हे फाइली न बघता कुणी सांगू शकणार नाही, पण कारण कुठे शोधायचं ते या एका वाक्यात दिसतं.

त्या आठ चुका एका जातीच्या नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. «दुसऱ्या» आणि «दुसर्‍या» हे शब्द पडद्यावर सारखेच दिसतात. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (U+0931) आणि हलन्त आहे, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह (U+200D) आहे. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत, कीबोर्डागणिक बदलतात, आणि युनिकोडचं NFC हे प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही. «ॲप»चीही तीच गत. ॲ हे एक अक्षर (U+0972) असू शकतं, अ आणि त्यावर चंद्र अशी जोडी असू शकते, त्या जोडीच्या मध्ये ते न दिसणारं चिन्हही असू शकतं, किंवा हिंदी वळणाचा ऍ (U+090D) असू शकतो. दुसऱ्या, चाऱ्या, शेतकऱ्यांना, ॲडमिशन, ॲप असले शब्द मुलाखतीत क्षणाक्षणाला येतात, त्यामुळे निव्वळ या कारणाने एखाद्या टूलचे काही टक्के सहज जातात.

हा थर वादाचा नाही. डोळ्याला जे एकच दिसतं ते एकच मोजायचं. त्यासाठी मी एवढंच वापरतो:

```python
import re, unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub("[\u200b-\u200d\ufeff]", "", s)
    s = re.sub("\u0905\u0945|\u090d", "\u0972", s)
    s = s.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
    s = re.sub(r"(?<=\d),(?=\d)", "", s)
    s = re.sub(r"[.,?!;:।\"'“”‘’()\-–—…]", " ", s)
    return " ".join(s.split())
```

यातला क्रम बदलू नका. न दिसणारी चिन्हं आधी पुसलीत, तर «दर्‍या»चं «दर्या» होऊन बसेल. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधी ऱ नीट बसवायचा, मग झाडलोट करायची. आणि एखाद्या टूलने खरोखरच दऱ्यांच्या जागी रफार देऊन «दर्या» लिहिलं असेल, तर ती चूक चूकच राहू द्या. आचाऱ्यांना बोलावलं की आचार्यांना, याचा फरक ऐकणाऱ्याला कळतो, तर टूललाही कळायला हवा.

विरामचिन्हांची यादी मी मुद्दाम हाताने दिली आहे. नेटवरच्या बहुतेक उदाहरणांत त्या जागी ही ओळ सापडते:

```python
s = re.sub(r"[^\w\s]", "", s)
```

इंग्रजीसाठी ही ठीक आहे. मराठीत मात्र ती कत्तल करते, कारण पायथनच्या `re`मध्ये `\w` हे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. ही ओळ चालवा, की मीठ, माठ, मूठ आणि मोठा या चारही शब्दांचं «मठ» होतं. मग टूलने मीठच्या जागी मोठा लिहिलं तरी प्रोग्रॅम म्हणणार, बरोबर. डब्ल्यूईआर छान खाली येतो आणि आपल्याला वाटतं, टूल सुधारलं! व्हिस्पर या ट्रान्सक्रिप्शन टूलबरोबर येणारा `BasicTextNormalizer` याच वर्गातल्या खुणा काढून त्यांच्या जागी मोकळी जागा टाकतो. तिथे मीठचं «म ठ» होतं, म्हणजे एका शब्दाचे दोन तुकडे, आणि N सुद्धा फुगतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये यातलं काही आहे का ते ओळखायला एक मिनिट लागतं: साफ केल्यानंतरचा मजकूर फक्त छापून वाचा. मात्रा जागेवर असतील तर पुढे चला. हे न बघता काढलेले आकडे अनेक तक्त्यांमध्ये मिरवताना मी पाहिलेत.

या साफसफाईनंतर आपल्या उदाहरणातल्या आठपैकी तीन चुका गळतात. ५/१२ उरतात, म्हणजे ४२ टक्के. अजूनही भरपूर आहे, कारण पुढचा थर लिहिण्याच्या पद्धतीचा आहे आणि तिथे प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकतं.

«पंचवीस» आणि «25» यांचं काय करायचं? मुलाखत छापायची असेल तर दोन्ही चालतील. माणूस नेमकं काय बोलला याचा अभ्यास असेल, तर «अडीच हजार»चं «2500» होणं हे नुकसान आहे. मी सहसा अंकातल्या संख्या दोन्हीकडे अक्षरी करून घेतो. एवढ्या थोड्या मजकुरात अशा जागा हाताने बघूनही होतात, त्यासाठी प्रोग्रॅम लिहीत बसायची गरज नाही. दुर्लक्ष मात्र करू नका. बोलणारा «दोन हजार पाचशे» म्हणाला आणि टूलने «2500» लिहिलं, तर एक शब्द बदलला आणि दोन गळाले, म्हणजे एका बरोबर ऐकलेल्या संख्येला तीन चुका. पैसे, तारखा आणि एकरांच्या गोष्टी करणारी एक मुलाखत असली की एवढ्यानेच तिचा निकाल फिरतो.

मग येतं «केलं» की «केले». बहुतेक टूल्स लिखित, प्रमाण मजकुरावर पोसलेली असतात, आणि तिथे «केले», «चांगले», «असे» हीच रूपं भरलेली असतात. आपण बोलतो अनुस्वाराने. बोलणाऱ्याने «केलं» म्हटलं आणि टूलने «केले» लिहिलं, तर ते चुकलं का? कायदेशीर जबाब किंवा बोलीचा अभ्यास असेल तर मी चूक धरेन. मुलाखतीचा आशय हवा असेल तर नाही धरणार. चूक धरायची नसेल, तर दोन्ही बाजूंना शब्दाच्या शेवटी व्यंजनानंतर येणारा अनुस्वार «े» करून टाकायचा. यात थोडी किंमत मोजावी लागते: «फोन केले» यातलं अनेकवचन आणि «काम केलं» यातलं एकवचन यांतला फरक मोजणीपुरता मिटतो. मला ती किंमत परवडते, तुमचं तुम्ही ठरवा.

«चाललंय» आणि «चालले आहे» हे याच्याच पुढचं पाऊल. एका शब्दाचे दोन झाले की एक बदल आणि एक भर, अशा दोन चुका बसतात. «आलाय», «झालंय», «करायचंय», «म्हणालेत» हे बोलण्यात सतत येतात, म्हणून त्यांची छोटी यादी करून दोन्ही बाजूंना फोडून घेतो. उलटा प्रकार शब्दयोगी अव्ययांचा. मराठीत ती शब्दाला जोडून लिहितात, पण काही टूल्स «शेतकऱ्यां साठी» असं तोडून टाकतात. याला मी सैल मोजणीत माफ करतो आणि कडक मोजणीत करत नाही, कारण छापायच्या आधी कुणाला तरी ते जोडावंच लागणार असतं.

ऱ्हस्वदीर्घाला मात्र मी हात लावत नाही. «माहिती»चं «माहीती» झालं तर चूक मोजतो. वेलांट्या आणि उकार सरसकट एक केले, की दिन आणि दीन, सुत आणि सूत हेही एक होतात, आणि मग आपण नक्की काय मोजतोय तेच कळेनासं होतं. त्याऐवजी अक्षरांवरचा चूक दर, म्हणजे सीईआर, शेजारी ठेवतो. एखाद्या टूलचा डब्ल्यूईआर मोठा पण सीईआर लहान दिसला, तर समजायचं की ते ऐकतंय बरोबर, फक्त लेखनात घसरतंय.

आपल्या वाक्यात हा सगळा थर लावला की दुसऱ्या टूलच्या चुका शून्यावर येतात. «चाललंय» फोडल्यामुळे मूळ वाक्याचे शब्द बाराचे तेरा झाले, म्हणून पहिल्याचा आकडा १/१३, साधारण ८ टक्केच राहतो. आधी ८ विरुद्ध ६७ होतं, आता ८ विरुद्ध ०. रेकॉर्डिंग तेच, टूल्स तीच.

म्हणून मी कधीच एक आकडा देत नाही. एक कडक, ज्यात फक्त `saaf` लावलेलं असतं. एक सैल, ज्यात संख्या, अनुस्वार आणि जोडरूपं एक केलेली असतात. दोन्हींत टूल्सचा क्रम तोच राहिला तर प्रश्न मिटला. क्रम उलटला, तर भांडण लेखनपद्धतीचं आहे, आणि ते कोणत्या कामासाठी मजकूर हवाय त्यावर सुटतं. एक पथ्य: सैल नियम आधी लिहून ठेवा, मग टूल्सचे आकडे बघा. आकडे बघत नियम जोडत गेलं, की जे टूल आपल्याला आवडतं त्याच्या चुका आपोआप माफ व्हायला लागतात. तुम्हाला तर तिसरं आवडलेलंच आहे.

चुका डोळ्यांनी बघण्यासाठी पायथनमधलं `jiwer` हे पॅकेज पुरेसं आहे:

```python
import jiwer
out = jiwer.process_words(refs, hyps)
print(out.wer, out.substitutions, out.deletions, out.insertions)
print(jiwer.visualize_alignment(out))
```

शेवटची ओळ मूळ आणि टूलचा मजकूर एकाखाली एक मांडून दाखवते. `jiwer` स्वतःहून विरामचिन्हं काढत नाही, म्हणून दोन्ही याद्या आधी `saaf`मधून काढलेल्या हव्यात.

आता एक नाजूक प्रश्न. हाताने टाइप केलेला म्हणजे कोऱ्या पानावरून, की एखाद्या टूलचा मसुदा दुरुस्त करून? मी स्वतः यात एकदा तोंडावर पडलोय. घाईत होतो, एका टूलचा मसुदा घेऊन दुरुस्त केला आणि तोच मानक मानला. त्या टूलने अर्थातच बाजी मारली. शंका आली म्हणून पाच रेकॉर्डिंग मसुद्याशिवाय नव्याने टाइप केली, तर आघाडी गायब. दुरुस्त करताना ढोबळ चुका आपण पकडतो, पण «आणि» की «नि», «मग» होतं की नव्हतं, «तिथं» की «तिथे», अशा ठिकाणी समोर जे लिहिलंय ते कान ऐकतो. तुमचा मजकूर असा तयार झाला असेल, तर निदान पाच-सहा रेकॉर्डिंग पुन्हा करा आणि आकडे तेवढ्यांवरच ताडा.

जमलं तर तीन रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे टाइप करून घ्या आणि दोन माणसांमधला डब्ल्यूईआर काढा. तो कधीही शून्य येत नाही. अडखळणं, अर्धवट शब्द, «म्हणजे ना», «हां हां», दोघं एकदम बोललेले तुकडे यांत माणसंही एकमेकांशी जुळत नाहीत. दोन माणसांतला फरक समजा पाच टक्के निघाला, तर टूल्समधल्या दोन टक्क्यांवरून फार रान उठवण्यात अर्थ नाही, हे आपोआप समजतं.

आता दुसरा प्रश्न, ३१ आणि ३४. दिसायला ४,२०० शब्द भरपूर वाटतात. प्रत्येक शब्द सुटा, स्वतंत्र धरून सांख्यिकीचं नेहमीचं सूत्र लावलं, तर ३१ च्या आजूबाजूला फक्त दीडेक टक्क्याची अनिश्चितता निघते, आणि तीन टक्क्यांचा फरक पक्का वाटतो. पण शब्द सुटे नसतात. चुका गटाने येतात: पंख्याखाली घेतलेली मुलाखत, दातांत शब्द चावणारे आजोबा, माइकपासून लांब बसलेली बाई. तुमच्याकडे खऱ्या अर्थाने ४,२०० नाही, २४ निरीक्षणं आहेत. आणि ती २४ रेकॉर्डिंग सहा माणसांची असतील तर सहाच.

यावरचा उपाय म्हणजे जोडीने तुलना. प्रत्येक रेकॉर्डिंगवर दोन्ही टूल्सच्या चुका शेजारी ठेवा. रेकॉर्डिंग अवघड असेल तर दोघांनाही अवघड असतं, त्यामुळे वजाबाकीत तो भाग बराचसा निघून जातो. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे नुसतं मोजणं: २४ पैकी किती ठिकाणी पहिलं टूल सरस? समजा १५ विरुद्ध ९ निघालं. नाणं २४ वेळा उडवलं तर इतका किंवा याहून जास्त एकतर्फी निकाल दहातून तीनदा निव्वळ योगायोगाने येतो. म्हणजे काही सिद्ध झालं नाही. १८ विरुद्ध ६ निघालं, तर तसा योगायोग शंभरात दोन-तीनदाच घडतो, आणि मग मी पहिल्याला सरस म्हणायला तयार होईन.

फरक किती मोठा आहे हेही बघायचं असेल, तर पुनर्निवड करा. २४ चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, एक काढायची, नोंद करायची, परत टाकायची, असं २४ वेळा. काही रेकॉर्डिंग दोनदा येतील, काही येणारच नाहीत. त्या संचावर दोन टूल्सच्या डब्ल्यूईआरमधला फरक काढायचा, आणि हे सगळं दहा हजार वेळा:

```python
import random
d = []
for _ in range(10000):
    p = random.choices(rows, k=len(rows))
    n = sum(r["n"] for r in p)
    d.append(sum(r["b"] - r["a"] for r in p) / n)
d.sort()
print(d[250], d[9750])
```

`rows`मध्ये प्रत्येक रेकॉर्डिंगचे शब्द `n` आणि दोन टूल्सच्या चुका `a` आणि `b` असतात. शेवटी छापलेल्या दोन आकड्यांच्या दरम्यान शून्य येत असेल, तर या २४ रेकॉर्डिंगवरून दोघांत डावंउजवं करता येत नाही. एकाच माणसाची अनेक रेकॉर्डिंग असतील, तर चिठ्ठ्या माणसांच्या टाका आणि त्या माणसाचं सगळं एकत्र उचला.

हे करायच्या आधी प्रत्येक रेकॉर्डिंगमधल्या जादा शब्दांवर, म्हणजे I वर, एक नजर टाका. काही टूल्स शांततेत किंवा संगीतावर भरकटतात आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत सुटतात. एका फाइलीत असे २१० शब्द घुसले, तर तुमच्या ४,२०० शब्दांवर पूर्ण पाच टक्के चढतात. ३१ आणि ३४ मधला फरक अशा एका फाइलीचा असू शकतो. ती फाइल गुपचूप वगळू नका, भरकटणं हा त्या टूलचाच दोष आहे. पण तिच्यासकट आणि तिच्याशिवाय असे दोन आकडे लिहा. व्हिस्पर वापरत असाल तर `condition_on_previous_text=False` दिल्याने हे फेरे पुष्कळ कमी होतात, आणि `language="mr"` दिलं नाही तर छोट्या तुकड्यांना ते कधी कधी हिंदी समजतं. मजकुरात «है» आणि «और» दिसायला लागले की समजायचं. अशा वेळी दोष टूलचा नाही, आपल्या सेटिंगचा, आणि तुलना आधी सगळ्यांना भाषा सांगूनच करायची.

फाइलींचे डब्ल्यूईआर काढून त्यांची सरासरी घेतली असेल तर तेही बदला. दहा शब्दांच्या तुकड्यातली एक चूक आणि तीनशे शब्दांच्या मुलाखतीतल्या तीस चुका सरासरीत सारख्याच वजनाच्या ठरतात. सगळ्या चुकांची बेरीज भागिले सगळे शब्द, हे बरं.

तुलनेसाठी तयार संच का वापरू नयेत असं कुणी तरी सुचवेलच. फ्लूअर्स किंवा कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे, पण तिथली वाक्यं समोर लिहिलेली वाचून दाखवलेली आहेत. फ्लूअर्सची तर मूळ इंग्रजी विकिमीडियातल्या मजकुराची भाषांतरं आहेत. तिथे «चाललंय» कुणी म्हणत नाही. शिवाय हे संच सगळ्यांना खुले असल्यामुळे एखादं टूल त्यावरच शिकलेलं असू शकतं. तुमच्या कामासाठी तुमच्या २४ मुलाखती जास्त मोलाच्या आहेत.

हे सगळं करूनही दोन टूल्स बरोबरीत राहिली, आणि बहुतेकदा राहतातच, तर उरलेल्या चुका वाचा. प्रत्येक टूलच्या शंभर चुका क्रम न लावता उचला आणि त्यापुढे फक्त एक खूण करा: अर्थ बिघडला की नाही. मुलाखतींत मी तीन गोष्टी वेगळ्या मोजतो: नकार, नावं आणि संख्या. मराठीत नकार फार छोट्या आवाजात राहतो. «नि»चं «नाही» झालं ते वर बघितलंच, पण «नको» गळणं, «करणार नव्हतो»चं «करणार होतो» होणं हेही त्याच दराने एकेक चूक म्हणून मोजलं जातं, «तिथं»चं «तिथे» झाल्यासारखंच. डब्ल्यूईआरला हे दिसणार नाही, तुम्हाला दिसेल.

आणि शेवटी मजकूर माणूसच दुरुस्त करणार असेल, तर घड्याळ लावा. सहा रेकॉर्डिंग घ्या, तीन एका टूलच्या मसुद्यावरून आणि तीन दुसऱ्याच्या मसुद्यावरून दुरुस्त करा, आणि दुसऱ्या एखाद्याला तीच सहा अदलाबदल करून द्या. एकाच माणसाने तेच रेकॉर्डिंग दोनदा केलं, तर दुसऱ्या वेळी त्याला मजकूर पाठ असतो आणि दुसरं टूल उगाच वेगवान वाटतं. मिनिटं लिहून ठेवा. तुमचं तिसरं टूल खरंच बरं असेल, तर ते इथे दिसेल, आणि नसेल तर नुसतं छान मराठी लिहून ते तुम्हाला फसवत होतं हेही इथेच कळेल. सफाईदार वाक्यातली चूक शोधायला खडबडीत वाक्यातल्या चुकीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याच टक्क्यात धरलेला नसतो.